कुंपणावरचा, कुंडीखालचा आणि फांदीवरचा

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण ज्या कुणी पहिल्यांदा वापरली, त्याने सरडा नीट पाहिलेला होता. बागेतला सरडा खरंच तसाच वागतो. माणूस दिसला की जमिनीवरून सुसाट पळतो, कुंपणाचा खांब गाठतो, त्यावर हातभर चढतो आणि थांबतो. मग मान वळवून आपण अजून मागे आहोत का ते बघतो. दुसरा वाक्प्रचार, ‘सरड्यासारखे रंग बदलणे’, हाही निरीक्षणातूनच आला आहे. पण त्याने गेल्या काही वर्षांत गोंधळ फार केला. रंग बदलणारा प्राणी म्हणजे शॅमेलिऑन हे आपण दूरचित्रवाणीवर पाहिलं, आणि मग कंपाउंडच्या भिंतीवर लालभडक डोक्याचा सरडा दिसला की फोटोखाली ‘आमच्या बागेतला शॅमेलिऑन’ असं लिहिलं जाऊ लागलं. मला असे फोटो नात्यातून, ओळखीतून बरेच येतात. उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला तर जास्तच. त्यांतल्या बहुतेकांत शॅमेलिऑन नसतो.

महाराष्ट्रातल्या घरगुती बागेत, भिंतीवरची पाल सोडली तर, चार पायांचे आणि लांब शेपटीचे तीन प्रकारचे प्राणी कॅमेऱ्यात येतात. पहिला आपला नेहमीचा बागसरडा, म्हणजे शास्त्रीय भाषेत कॅलोटीस. दुसरी सापसुरळी. तिला कुणी सापाची मावशी म्हणतं आणि विनाकारण मारतं. ती विषारी नाही. तिसरा घोयरा, काही ठिकाणी सरडगुहिरा. खरा शॅमेलिऑन तो हाच, आणि भारतात त्याची एकच जात आहे. नात्याने पाहिलं तर सरडा आणि घोयरा एकमेकांचे चुलतभाऊ आहेत, आणि सापसुरळी या दोघांपासून खूप लांबची. फोटोत मात्र उलटी चूक होते. सापसुरळी आणि सरडा यांची अदलाबदल रोज होते, कारण दोघंही तपकिरी, दोघंही जमिनीजवळ आणि दोघंही पळण्याच्या तयारीत असतात.

चुकीचं मूळ एकच आहे. आपण सगळ्यात आधी रंग बघतो, आणि या तिघांच्या बाबतीत रंगाइतका बेभरवशाचा पुरावा दुसरा नाही. सकाळी गार अंगाचा सरडा काळपट असतो, कारण गडद अंग ऊन लवकर शोषतं. दुपारी तोच फिकट पिवळसर होतो. विणीच्या दिवसांत नराचं डोकं, गळा आणि खांदे लाल-केशरी होतात आणि गळ्याच्या बाजूंना काळे डाग येतात. या लालीमुळे इंग्रजीत त्याला रक्तपिपासू म्हटलं गेलं आणि आपल्याकडेही तो लांबून रक्त शोषतो अशी समजूत आहे. सापसुरळीच्या नरालाही विणीच्या काळात कुशीवर तांबूस पट्टा येतो. घोयरा हिरवा, पिवळट, तपकिरी, ठिपक्यांचा, पट्ट्यांचा, कसाही असू शकतो. तेव्हा रंग शेवटी बघावा. आधी कातडीवरचा प्रकाश, मग पाय, मग डोळे.

प्रकाशापासून सुरुवात करू, कारण फोटो कितीही लांबून काढलेला असला तरी चमक दिसतेच.

सापसुरळीचे खवले गोलसर कडांचे असतात आणि मंगळुरी कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. प्रत्येक खवल्याच्या आत बारीक हाडाच्या चकत्या असतात. त्यामुळे तिचं अंग हाताला घट्ट, गुळगुळीत आणि कुठेही न सुरकुतणारं लागतं. पालापाचोळ्यात, कुंड्यांच्या फटीत, चिऱ्याच्या भिंतीतल्या भोकात सर्रकन शिरायचं असेल तर असं अंग सोयीचं. त्याचा फोटोतला परिणाम असा की ऊन तिच्या पाठीवर एका सलग रेघेत चमकतं. नुकतं तेल लावलेल्या केसांवर दिसते तशी ती चमक डोक्यापासून शेपटीपर्यंत धावते, आणि अंग वळलं की तीही वळते. कुठे तुटत नाही.

सरड्याच्या खवल्यांना टोकं असतात आणि प्रत्येकाच्या मधोमध एक उभी धार असते. कुशीवरचे खवले मागे आणि वर रोखलेले असतात. त्यामुळे त्याच्यावर पडलेलं ऊन विखुरतं. फोटो मोठा करून पाहिला तर चमकेऐवजी शेकडो बारीक ठिणग्या दिसतात, आणि लांबून तेच अंग खरखरीत, कोरडं, खवणीसारखं वाटतं. मानेपासून पाठीवर उभ्या काट्यांची झालर असते. बाजूने काढलेल्या फोटोत ती पाठीच्या कडेवर करवतीच्या दातांसारखी दिसते.

घोयऱ्याला चमकच नाही. त्याचे खवले एकावर एक चढत नाहीत. राजगिऱ्याचे दाणे शेजारी शेजारी मांडावेत तसे ते लागून असतात. म्हणून त्याचं अंग मखमलीसारखं मंद दिसतं. उन्हात उजळतं, पण प्रकाश परत फेकत नाही. हनुवटीपासून पोटाच्या मध्यरेषेवरून मागे जाणारी टोकदार दाण्यांची एक पांढरी ओळ असते. फोटो खालून काढलेला असेल तर ती ओळ निकाल लावून टाकते.

एवढं सोपं असतं तर हा लेख इथेच संपला असता. पण चमकसुद्धा फसवते, आणि ती कुठे फसवते हे कळल्याशिवाय तिचा उपयोग नाही. पावसाने भिजलेला सरडा चकचकीत दिसतो. पाणी खवल्यांच्या मधल्या खाचा भरून टाकतं आणि खरखरीत पाठ तेवढ्यापुरती गुळगुळीत होते. उलट, कात टाकायच्या बेतात असलेली सापसुरळी निस्तेज, राखट होते आणि तिच्या अंगावर सुटलेल्या कातीचे पापुद्रे दिसतात. आपल्याकडच्या मोठ्या सापसुरळीच्या पाठीवरच्या खवल्यांना स्वतःच्या बारीक धारा असतात, बहुधा तीन. फार जवळून आणि कडक उन्हात काढलेल्या फोटोत या धारा इतक्या ठळक होतात की बघणारा ‘धार आहे, म्हणजे सरडा’ असं म्हणून मोकळा होतो. सरड्याच्या खवल्याला एकच धार असते आणि ती पुढे टोकात संपते. सापसुरळीच्या खवल्यावर बारीक धारा अनेक असतात आणि खवल्याची कड गोलच राहते. म्हणून धार शोधू नये, खवल्याची कड बघावी.

आणखी एक फसवणूक मोबाइल स्वतः करतो. कमी उजेडात काढलेल्या फोटोतले दाणेदार ठिपके काढून टाकण्यासाठी तो चित्र आपोआप गुळगुळीत करतो. आपल्या गालावरच्या सुरकुत्या जातात तशाच सरड्याच्या पाठीवरच्या धाराही जातात. संध्याकाळी काढलेल्या फोटोत सरड्याची पाठ साबणाच्या वडीसारखी दिसते ती यामुळे. मग तो फोटो निरोपातून पुढे पाठवला की आकाराने आणखी आवळला जातो. सायंकाळचा, पुढे पाठवलेला फोटो असेल तर मी चमकेला फारसा भाव देत नाही. सरळ पायांकडे जातो.

पायांच्या बाबतीत घोयरा एकटाच वेगळा आहे आणि त्याला ओळखायला दुसरं काही लागत नाही. त्याची बोटं दोन जुडग्यांत जोडलेली असतात आणि समोरासमोर येऊन फांदी पकडतात. पाय म्हणजे स्वयंपाकघरातली सांडशीच. पुढच्या पायात आतल्या बाजूला तीन बोटांचं जुडगं आणि बाहेरच्या बाजूला दोनाचं. मागच्या पायात बरोबर उलट. नखं फक्त टोकाला डोकावतात. असा पाय सपाट भिंतीवर टेकायला निरुपयोगी आहे. म्हणून ‘भिंतीवर बसलेला शॅमेलिऑन’ या वर्णनाबरोबर आलेला फोटो मी उघडण्याआधीच साशंक असतो. घोयरा कधी कधी जमीन ओलांडताना दिसतो, रस्त्यावरही दिसतो, पण तेव्हा तो काठीवर चालणाऱ्या माणसासारखा डुलत, एकेक पाऊल जपून टाकतो. तो धावत नाही. कुंपणापर्यंत धावणारा प्राणी घोयरा असूच शकत नाही. म्हणीतला सरडा बागसरडाच आहे.

सरडा आणि सापसुरळी, दोघांच्याही चारही पायांना पाच-पाच सुटी, नखांची बोटं असतात. फरक लांबीत आणि पाय ठेवण्याच्या पद्धतीत आहे. सरड्याचे मागचे पाय लांब असतात. अंगाला समांतर पुढे ताणले तर ते त्याच्या कानापर्यंत किंवा डोळ्याच्या जवळ पोचतात. फोटोत प्राणी पाय ताणून दाखवत नाही, पण मांडी आणि पोटरीची लांबी डोळ्याने जोडता येते. मागच्या पायाचं चौथं बोट बाकीच्यांपेक्षा चांगलंच लांब असतं, आणि बसलेला सरडा पुढचे पाय ताठ करून छाती उचलून धरतो. भिंतीवर ऊन खात बसलेल्या सरड्याच्या पोटाखालून उजेड दिसतो.

सापसुरळी पोट जमिनीला टेकून असते. तिचे पाय आखूड, अंगाच्या मानाने नंतर जोडल्यासारखे, आणि पळताना ती अंगाची नागमोडी चाल वापरते. बागेत सापडणाऱ्या काही बारीक, सडपातळ सापसुरळ्यांत तर पुढचा आणि मागचा पाय एकमेकांकडे ताणले तरी मध्ये बरंच अंतर उरतं. गवतात अशा सापसुरळीचं फक्त मधलं अंग दिसलं तर माणूस साप समजून काठी आणतो. या गटातल्या पिल्लांच्या शेपट्या पुष्कळदा लाल असतात, त्यामुळे भीती आणखी वाढते. अशा फोटोत डोकं दिसत असेल तर दोन गोष्टी शोधाव्यात. कानाचं भोक आणि पापणी. सापाला दोन्ही नसतात. सापसुरळी डोळे मिटते. पाच-सात फोटो एका पाठोपाठ काढले असतील तर एखाद्यात ते मिटलेले सापडतात आणि प्रश्न मिटतो.

शेपटीबद्दलही सांगायला हवं, कारण बागेत अर्धवट शेपटीचे प्राणी पुष्कळ दिसतात. सापसुरळी संकटात शेपटी तोडून टाकते आणि ती पुन्हा वाढते, पण नव्या भागाचा रंग आणि खवले जुन्याशी जुळत नाहीत. जिथे जोड आहे तिथे कडा स्पष्ट दिसते. सरड्याची तुटलेली शेपटी तशी नीट पुन्हा वाढत नाही, ती आखूडच राहते. घोयरा शेपटी तोडतच नाही. ती त्याचा पाचवा पाय आहे, फांदीला गुंडाळायची.

आता डोळे. इथे घोयऱ्याची खूण सगळ्यांना पाठ असते, ‘दोन डोळे दोन दिशांना’, पण फोटोसाठी ती खूण कच्ची आहे. एका बाजूने काढलेल्या फोटोत एकच डोळा दिसतो, मग तो कुठे बघतोय यावरून काय ठरवणार? आणि सरडाही डोळा थोडा फिरवतो. खरी खूण पापणीत आहे. घोयऱ्याच्या वरच्या आणि खालच्या पापण्या जुळून एक खवल्यांचा शंकू झालेला असतो, आणि त्याच्या टोकाला बाहुलीपुरतं छिद्र उरतं. डोळा डोक्यातून बाहेर आलेल्या बुरुजासारखा दिसतो आणि त्यावर अंगासारखेच दाणे असतात. त्याच्या डोक्यावर मागे उंच होत गेलेलं शिरस्त्राण असतं, मान दिसतच नाही आणि बाहेरून कानाचं भोकही नसतं.

सरड्याच्या डोळ्यावर भुवईसारखी कडा असते, बुबुळ गोल असतं आणि दोन्ही पापण्यांना बारीक खवल्यांची किनार असते. डोळ्याच्या भोवती पुष्कळदा गडद रेघा किरणांसारख्या फुटलेल्या दिसतात. डोळ्याच्या मागे कानाचा उघडा पडदा असतो, आणि त्याच्या वर दोन छोटे, एकमेकांपासून सुटे काटे. हे दोन काटे मी प्रत्येक फोटोत शोधतोच. ते सापडले की आपल्या बागसरड्याची ओळख नक्की झाली. मग पाठीवर पट्टे असोत, ठिपके असोत, काहीही असो. शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये या एकाच नावाखालच्या सरड्यांच्या अनेक जाती वेगळ्या केल्या, पण तो हिशोब घरच्या फोटोवर मांडता येत नाही.

सापसुरळीचा डोळा डोक्याच्या रेषेतच बसलेला असतो. भुवईची कडा नाही, डोक्यावर बारीक खवल्यांऐवजी मोठ्या, सममित फरश्या असतात. डोकं आणि धड यांच्यामध्ये मान अशी दिसतच नाही, एकसारखी नळी असते. डोळा छोटा, काळसर, आणि त्याच्यात उन्हाचा एक ठिपका. पाल या तिघांहून वेगळी: तिला हलणारी पापणी नाही, बुबुळ उभ्या चिरेसारखं आणि बोटांखाली गाद्या. तिची गल्लत फारशी होत नाही.

आता एक फोटो घेऊन बघू. राजापूरच्या माझ्या मावसबहिणीने तो ऑक्टोबरमध्ये सकाळी नऊच्या सुमारास काढला होता. जांभ्या दगडाच्या गडग्यावर एक तपकिरी प्राणी. पाठीच्या दोन्ही कडांनी डोक्यापासून मागे जाणारे दोन फिकट पट्टे. शेपटीचं टोक चौकटीबाहेर. तिने लिहिलं होतं, ‘ही मोठी सापसुरळी रोज इथेच बसते.’ पट्टे बघून तसं वाटणं साहजिक होतं. सापसुरळीच्या कडेला असे पट्टे असतातच. मीही पहिल्या नजरेत हो म्हणालो असतो.

फोटो मोठा केला. पाठीवर ऊन तिरपं पडलं होतं, म्हणजे सापसुरळी असती तर चमकेची सलग रेघ हवी होती. ती नव्हती, पट्ट्याच्या बाजूला फक्त बारीक ठिणग्या होत्या. पण फोटो निरोपातून आवळून आला होता, म्हणून यावर निकाल दिला नाही. मग बसण्याची पद्धत पाहिली. पुढचे पाय ताठ, छाती दगडापासून उचललेली, गळ्याखाली गडग्याच्या कडेची सावली पडलेली. मागच्या पायाची पोटरी धडाच्या मानाने लांब, आणि पंजाचं एक बोट इतरांच्या पुढे बरंच गेलेलं. आतापर्यंत सगळे पुरावे सरड्याच्या बाजूने होते, पण प्रत्येकावर शंका घेता येत होती. शेवटी तिला मूळ फोटो आवळल्याशिवाय पाठवायला सांगितलं. त्यात कानाच्या वरचे दोन काटे दिसले, आणि मानेवरची आखूड झालरही. बागसरडाच होता, आणि बहुधा मादी. मादी आणि पिल्लं यांच्या पाठीवर असे दोन फिकट पट्टे पुष्कळदा असतात, आणि लाल डोकं त्यांना नसतंच. ज्यांना सरडा म्हणजे लाल डोकं एवढंच माहीत आहे, त्यांच्या हिशोबात बागेतल्या बहुतेक माद्या सापसुरळी होतात.

बहिणीचा दुसरा फोटो याच्या अगदी उलट होता. तुळशीच्या वृंदावनाशेजारच्या कुंडीखालून अर्धं अंग बाहेर आलेलं. डोकं कुंडीखाली, दिसत होतं ते कंबरेपासून शेपटीपर्यंत. पाय एकच, तोही अर्धा. तिने विचारलं, ‘हा साप आहे का?’ इथे डोळे नाहीत, कान नाही, पाय जवळजवळ नाही. पण दुपारचं ऊन होतं आणि पाठीवर एक सलग चमक कुंडीच्या काठापासून शेपटीच्या जाड बुडापर्यंत गेली होती. मागच्या पायाचं आखूड टोक दिसत होतं, म्हणजे साप नाही. चमक सलग होती, म्हणजे सरडा नाही. शेपटीचा शेवटचा बोटभर भाग वेगळ्या, सपाट तपकिरी रंगाचा होता, म्हणजे एकदा तुटून पुन्हा आलेली. सापसुरळी. पण कुठली, हे मी सांगितलं नाही. सापसुरळ्यांच्या जाती ठरवायला धडाच्या मध्यावर खवल्यांच्या ओळी मोजाव्या लागतात, त्या तीसेक भरतात, आणि खवल्यांवरच्या धाराही मोजाव्या लागतात. त्यांतल्या एका जातीच्या नावात गडचिरोलीचं आलापल्ली आहे, कारण 1926 मध्ये तिथल्याच जंगलातून तिचं वर्णन झालं. फोटोवरून जातीचं नाव ठोकून देणारे लोक असतात. मी गटावर थांबतो.

सगळ्यात अवघड फोटो रात्रीचे. बॅटरीच्या उजेडात जास्वंदीच्या किंवा शेवग्याच्या फांदीच्या टोकाला एक फिकट, जवळजवळ पांढुरका प्राणी चिकटून झोपलेला. घोयरा रात्री असाच दिसतो. फांदीच्या टोकाला झोपतो आणि रंग उतरलेला असल्यामुळे अंधारात चटकन नजरेला येतो. पण आपला बागसरडाही रात्री फांदीवर झोपतो आणि तोही फिकट पडतो. दोघांचेही डोळे मिटलेले, चमक नाही, पाय फांदीला बिलगलेले. अशा वेळी शेपटी बघावी. घोयऱ्याची शेपटी गुंडाळलेली असते, फांदीला वेढा घालून किंवा घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. सरड्याची शेपटी फांदीलगत सरळ जाते किंवा खाली लोंबते, आणि ती अंगाच्या दुपटीहून लांब, चाबकासारखी बारीक असते. मग मिटलेल्या डोळ्याकडे बघावं: घोयऱ्याचा बुरुज मिटल्यावरही फुगलेलाच राहतो. रात्रीचा झोपलेला प्राणी जाग्यावरून हलवू नये आणि एक-दोन फोटोंनंतर बॅटरी बाजूला करावी.

दिवसा ऊन खाण्याच्या पद्धतीतही तिघांचा स्वभाव दिसतो. सरडा उघड्यावर, उंचावर बसतो: खांबाचं टोक, भिंतीची कड, उभा केलेला फावडा. त्याला ऊनही हवं असतं आणि आपला इलाखाही नजरेखाली ठेवायचा असतो. म्हणून नर तिथे बैठका मारताना, डोकं वरखाली करताना दिसतो. सापसुरळी फटीच्या तोंडाशी बसते. अर्धं अंग उन्हात, अर्धं सावलीत, म्हणजे एका झटक्यात आत. घोयरा फांदीवर अंगाची चपटी बाजू उन्हाकडे करतो आणि ती बाजू काळवंडते. पानासारखा चपटा, आडवा उभा असलेला प्राणी दिसला तर फोटो काढताना समोरून नको, बाजूने काढावा, कारण समोरून तो निव्वळ एक काटकी दिसतो.

सातारा-पाचगणीकडच्या सड्यांवर गेलात तर बागसरड्याच्या कुळातले आणखी काही सरडे भेटतील. चाळकेवाडीच्या पठारावर मेच्या आसपास निळा-काळा-केशरी गळा पंख्यासारखा फुलवणारा छोटा सरडा आहे. त्याच्या वंशाला 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी नाव दिलं ते थेट मराठीतून: सरडा. तो बागेत येत नाही, पण नावामुळे त्याचा उल्लेख टाळवत नाही.

घोयरा दिसलाच तर फोटो काढून सोडून द्या. त्याला हातात घेऊन ‘रंग बदलून दाखव’ म्हणणारे लोक आहेत. तो पार्श्वभूमीशी जुळवून रंग बदलत नाही, भीती, तापमान आणि जोडीदार यांच्यासाठी बदलतो, आणि हातात धरलेल्या घोयऱ्याचा काळवंडलेला रंग भीतीचा असतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली त्याला संरक्षण आहे, त्याला पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे.

ओळख विचारायला फोटो पाठवणार असाल तर एक विनंती. तीन तरी काढा: एक डोळ्याच्या उंचीवरून, पूर्ण बाजूचा, एक डोक्याचा, कान दिसेल असा, एक लांबून, तो कशावर बसला आहे हे कळेल असा. कॅमेऱ्यातून जवळ ओढू नका, मूळ फोटो ठेवून नंतर मोठा करा आणि तो निरोपात फाइल म्हणून पाठवा. वेळ, गाव आणि पाऊस पडून गेला होता का, हे एका ओळीत लिहा. आणि फोटो छाटून सुंदर करायचा मोह झाला तर शेपटी कापली तरी चालेल; पाय कापू नका.